नीटचा ड्रेस कोड: कोणाला काय चालतं, परवानगी कधी घ्यायची

‘पूर्ण बाह्यांचे कपडे घातल्यास प्रवेश मिळणार नाही.’ काही वर्षांपूर्वी आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या फलकावर नीटची सूचना मी अशी लिहिली होती. त्याखाली ‘मुलींनी शालीन पोशाख करावा’ ही ओळ माझ्या पदरची. दुसऱ्या दिवशी बुरखा घालणारी एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात उभी. म्हणाली, “सर, मग मी परीक्षेला बसूच नको का?” तेव्हा कुठे मी माहितीपुस्तिका नीट उघडून वाचली. माझ्या पहिल्या ओळीत अर्धाच नियम होता आणि दुसऱ्या ओळीचा नियमाशी काही संबंधच नव्हता.

हा ड्रेस कोड इतका कडक का झाला, ते २०१५ मध्ये सापडतं. त्या वर्षी मे महिन्यात झालेल्या एआयपीएमटीत, म्हणजे नीटच्या आधीच्या परीक्षेत, कपड्यांत लपवलेल्या सिमकार्डाच्या उपकरणांवर बाहेरून उत्तरं पोचवली गेली. हरियाणा पोलिसांनी ते उघड केलं. १५ जूनला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षाच रद्द केली आणि सहा लाखांहून जास्त मुलांना जुलैच्या अखेरीस पुन्हा पेपर द्यावा लागला. फेरपरीक्षेपासून कपड्यांवर बारीक नजर आली. त्यामुळे आजचा नियम वाचताना एकच प्रश्न मनात ठेवायचा: इथे काही लपवता येईल का, आणि ते पटकन तपासता येईल का? लांब बाही, जाड तळव्याचा बूट, धातूचे दागिने हे सगळं त्याच प्रश्नामुळे अडतं. कपडे चांगले की वाईट, हा मुद्दाच नाही.

सर्वसाधारण विद्यार्थ्यासाठी नियम सोपा आहे. हलके, अर्ध्या बाह्यांचे कपडे. पायात चप्पल किंवा कमी टाचेची सँडल, बूट नाहीत. अंगठी, कानातलं, चमकी, साखळी, घड्याळ घरी. जीन्सचं नाव बंदीत नाही, पण तिच्या धातूच्या बटणांवर आणि रिव्हेटवर डिटेक्टर वाजतो आणि मग खुलासे करत बसावं लागतं. मे महिन्यातल्या दुपारी लातूरच्या उन्हात नाडीचा किंवा इलॅस्टिकचा सुती पायजमा काय वाईट?

आता माझ्या त्या अर्धवट ओळीबद्दल. बुरखा, हिजाब, पूर्ण बाह्यांचा पारंपरिक पोशाख किंवा श्रद्धेची वस्तू असेल, तर प्रवेश बंद नसतो. अट वेळेची आहे. फाटक दुपारी दीडला बंद होतं, अशा विद्यार्थ्यांनी त्याच्या किमान एक तास आधी, म्हणजे साडेबारापर्यंत पोचायचं. कारण तपासणी सावकाश आणि आडोशाला करावी लागते, घाईत ती नीट होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज किंवा दाखला लागत नाही. एक मर्यादा मात्र आहे: तपासणीत त्या वस्तूत उपकरण असल्याचा संशय आला, तर ती हॉलमध्ये नेता येत नाही. माझी ती विद्यार्थिनी सव्वाबाराला पोचली, महिला कर्मचारीने पडद्याआड तपासलं आणि बुरख्यासह ती पेपरला बसली.

खरी अडचण वैद्यकीय कारणांची आहे, कारण तिथे आधी परवानगी लागते आणि तीही हॉलतिकीट निघण्यापूर्वी. हीच तारीख बहुतेकांची हुकते. २०२५ मध्ये हॉलतिकीट ३० एप्रिलला आलं आणि परीक्षा ४ मेला होती. हॉलतिकीट हातात आल्यावर ‘मला बूट लागतात’ हे आठवलं, तर तोवर मुदत गेलेली असते.

समजा, एखाद्या मुलाच्या घोट्याचं मार्चमध्ये ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी आधाराचा बंद बूट दिलाय. त्याने एप्रिलची वाट न बघता लगेच परीक्षा घेणाऱ्या एनटीएकडे लेखी विनंती पाठवायची. तिच्यात अर्ज क्रमांक, नाव, परीक्षेचं शहर आणि नेमकी कोणती सवलत हवी ते लिहायचं. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. यात मुलं एक चूक हमखास करतात. प्रमाणपत्रावर फक्त ‘घोट्याचं फ्रॅक्चर’ असतं. बूट का लागतो आणि परीक्षेच्या तारखेपर्यंत लागणार आहे का, याचा पत्ता नसतो. ते वाक्य डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्यायचं, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह. परवानगी आली की तिची छापील प्रत आणि मूळ प्रमाणपत्र दोन्ही केंद्रावर न्यायचं. पाय परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मोडला तर? मग कागद घेऊन फाटक उघडताच पोचायचं आणि केंद्राधीक्षकांना भेटायचं. पण तेव्हा सगळं त्यांच्या निर्णयावर असतं, खात्री देता येत नाही.

बाकी कागद नेहमीचेच: पूर्ण भरलेलं हॉलतिकीट, मूळ फोटो ओळखपत्र, ठरलेल्या जागी चिकटवलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो आणि हजेरीपटासाठी एक पासपोर्ट फोटो. हॉलतिकिटावरची सही मात्र घरी करायची नाही, ती पर्यवेक्षकांसमोर.

तपासणीबद्दल मुलींना आणि पालकांना स्पष्ट सांगायला हवं, कारण इथे केंद्रं चुकलेली आहेत. २०२२ मध्ये केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या केंद्रावर हुक वाजतात म्हणून मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावली. प्रकरण पोलिसांत गेलं आणि त्या मुलींची सप्टेंबरमध्ये पुन्हा परीक्षा घेतली गेली. नियम असा आहे की मुलींची तपासणी बंद आडोशात आणि फक्त महिला कर्मचाऱ्यांनीच करायची. हुक वाजला तर हातातल्या डिटेक्टरने तो हुकच आहे एवढी खात्री करायची, कपडा उतरवायचा नाही. कोणी तसं सांगितलं तर तिथेच केंद्राधीक्षकांना बोलवा असं म्हणायचं आणि बाहेर आल्यावर वेळेसह लेखी तक्रार द्यायची.

हे सगळं धरून आता फलकावर सूचना अशी लागते:

“विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, २०१५ च्या गैरप्रकारानंतर नीटमध्ये कपड्यांची तपासणी काटेकोर होते. ती झटपट व्हावी म्हणून अर्ध्या बाह्यांचे हलके कपडे आणि चप्पल घालून या. पारंपरिक किंवा धार्मिक पोशाख असल्यास तो घालून येता येईल, फक्त साडेबाराच्या आत केंद्रावर पोचा. आजारपण, प्लास्टर, विशेष बूट किंवा शरीरावर लावलेलं उपकरण असल्यास ३१ मार्चपूर्वी कार्यालयात भेटा, परवानगीचा अर्ज आपण मिळून भरू. याविषयी खासगीत बोलायचं असल्यास मुलींसाठी मॅडम दुपारी तीन ते चार ग्रंथालयात असतात.”

३१ मार्च ही तारीख एनटीएची नव्हे, आमची. डॉक्टरांकडून प्रमाणपत्र दुसऱ्यांदा लिहून आणायला लागणारे आठ-दहा दिवस तिच्यात धरलेले आहेत.