इचेव्हेरियाच्या गाभ्यात पाणी साचू देऊ नका

पावसाळा लागला की इचेव्हेरिया या जाड, रसाळ पानांच्या, गुलाबासारख्या दिसणाऱ्या झाडाबद्दल आमच्याकडे ठरलेली तक्रार येते: बाहेरची पानं टवटवीत आहेत, पण मधला गाभा काळा पडलाय. कुंडीतली माती मात्र कोरडी. ‘पाणी घातलंच नव्हतं’ असं ग्राहक सांगतात, आणि ते खरंही असतं. पाणी मुळांना नव्हे, वरून पानांच्या बेचक्यांत गेलेलं असतं. एखादी पावसाची झड किंवा शेजारच्या कुंडीवर मारलेला फवारासुद्धा त्याला पुरतो.

हे झाड मूळचं मेक्सिकोतल्या डोंगराळ भागातलं. मोकळ्या वाऱ्यात आणि उन्हात पानांवरचं पाणी लवकर सुकतं. आपल्याकडे जुलैत हवा दमट आणि आभाळ भरलेलं, त्यामुळे गच्च मिटलेल्या कोवळ्या पानांत थेंब दिवसेंदिवस अडकून राहतात. तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. झाडाचा वाढीचा कोंबही नेमका तिथेच असतो, म्हणून नुकसान मोठं होतं.

मुळं कुजली तर खालची पानं आधी पिवळी, पाणीदार होतात. इथे उलटं घडतं. मधली पानं आधी काचेसारखी पारदर्शक दिसतात, मग तपकिरी होतात आणि हलकंसं ओढलं तरी हातात येतात.

पाणी नेहमी मातीलाच द्या. बारीक तोटीची बाटली कुंडीच्या कडेला टेकवून घाला, किंवा कुंडी पंधरा-वीस मिनिटं पाण्याच्या बशीत ठेवून नंतर पूर्ण निथळू द्या. सकाळी पाणी दिलेलं बरं, म्हणजे चुकून उडालेला थेंब दिवसभरात सुकतो. फवारणी या झाडाला नकोच. गाभ्यात पाणी गेलंच तर कुंडी तिरकी करून झटका, उरलेलं टिश्यू पेपरच्या पिळलेल्या टोकाने टिपा आणि झाड पंख्याजवळ ठेवा. पानं पुसू नका, त्यांच्यावरचा पांढरट मेणाचा थर निघाला की त्या जागी परत येत नाही. पावसाळ्यात झाड छपराखाली, पण वारा खेळेल अशा जागी हवं. बंद काचेच्या भांड्यात ते टिकत नाही.

गाभा कुजलाच तर मऊ झालेली सगळी पानं काढा आणि स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने देठ वरून थोडा थोडा कापत जा. काप आतून स्वच्छ फिकट हिरवा दिसेपर्यंत थांबू नका. मधे तपकिरी ठिपका राहिला तर कूज पुन्हा खाली उतरते. मग आठवडाभर पाणी बंद. देठ आणि खालची पानं शाबूत असतील तर पानांच्या बगलेतून नवे फुटवे येतात, मात्र त्याला काही आठवडे लागतात. पूर्वीचा पानांचा एकच डौलदार, फुलासारखा गुच्छ परत मिळत नाही, त्याऐवजी दोन-तीन लहान रोपं होतात. देठ मुळापर्यंत काळा असेल तर तो फेकून द्या आणि बाहेरची निरोगी पानं बुडापासून अखंड काढून, दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मातीच्या कोरड्या मिश्रणावर नुसती ठेवा. त्यांतल्या काही पानांना मुळं आणि पिल्लं फुटतील. मुळं दिसेपर्यंत त्यांनाही पाणी घालू नका.