रिमोटचं लाल बटण कामाला लावा

टीव्हीच्या रिमोटवर लाल, हिरवं, पिवळं, निळं अशी चार बटणं असतात बघा, ती आपल्याकडं फारशी कोण दाबत नाही. अँड्रॉइड टीव्ही असला तर तीच हाताशी धरायची. समजा शिवाजी पेठेतल्या घरात आजीला यूट्यूबवर भजन लागतं आणि नातवाला कुस्ती, तर दरवेळी होमवर जाऊन बाण दाबत बसायचं कशाला, लाल बटण दाबून धरलं की यूट्यूब उघडावं, एवढंच पाहिजे.

आता आत काय होतं ते बघू. बटण दाबलं की टीव्हीकडं एक कोड जातो आणि अँड्रॉइड त्याला स्वतःचा नंबर देतं, लाल म्हणजे 183, निळं 186. तो नंबर समोर उघडलेल्या अ‍ॅपकडं जायच्या आधी वाटेत अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवा असते, दिव्यांगांच्या सोयीसाठी केलेली, आणि बटण मॅप करणारं अ‍ॅप तिथंच नाका लावून बसतं.

प्ले स्टोअरवरून Button Mapper घ्या, सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन ते चालू करा, मग अ‍ॅपमध्ये नवीन बटण जोडायचा पर्याय निवडून लाल बटण दाबा, आणि लाँग प्रेसला यूट्यूब लावा. डबल प्रेस शक्यतो नको, कारण दुसरा टॅप येतोय का याची वाट बघावी लागते म्हणून साधा टॅपही उशिरा लागतो, आणि आजी म्हणणार "अरे, रिमोट बिघडला की काय!"

नेटफ्लिक्सच्या बटणावर पण हेच करायचं सगळ्यांच्या मनात असतं. बऱ्याच टीव्हीत ते बटण सिस्टीमच आधी उचलते, अ‍ॅपपर्यंत येतच नाही. ओळखायचं सोपं आहे, बटण जोडायच्या स्क्रीनवर ते दाबून बघा, बटणाचं नाव दिसलं तर जमलं, थेट नेटफ्लिक्सच उघडलं तर ते बटण सोडून द्या आणि रंगीत बटणावरच भागवा. आणि केबलच्या सेट टॉप बॉक्सचा रिमोट बॉक्सशी बोलतो, टीव्हीशी नाही, म्हणून त्याच्यावर यातलं काहीच चालत नाही (हे घरात आधीच सांगून ठेवा).

टीव्ही चालू केल्या केल्या काही सेकंद बटण ऐकणार नाही, सेवा अजून उठलेली नसते. पण नंतर मधेच बंद पडलं तर कमी मेमरीच्या टीव्हीत सिस्टीमनं ती सेवा मारलेली असू शकते, अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करून परत चालू करा. ही परवानगी मिळालेल्या अ‍ॅपला रिमोटचं प्रत्येक बटण कळू शकतं, तेव्हा कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फाईलला ती देऊ नका.