मुख्य कार्यकारीचे वार्षिक मूल्यमापन: नीतीचा निकष आला कुठून?

कंपनीचे संचालक मंडळ वर्षातून एकदा मुख्य कार्यकारीच्या कामाचा आढावा घेते. त्यात चार गोष्टी पाहिल्या जातात: ठरवलेली धोरणे किती पुढे गेली, पैशाचा हिशेब काय सांगतो, माणसे कशी घडवली आणि सांभाळली, आणि कारभार किती सचोटीचा होता. हे चार निकष एकदम आले नाहीत. पहिले तीन बरेच आधी स्थिरावले, चौथ्याला खरे वजन मिळायला जवळपास पाव शतक जावे लागले. या उशिराचे कारण निकषात नाही, ‘वार्षिक’ या मुदतीत आहे.

अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्स मोठ्या तोट्यात होती. तोपर्यंत तिथल्या बड्या कंपन्यांत बहुधा मुख्य कार्यकारीच मंडळाचा अध्यक्ष असे. आपल्याला प्रश्न विचारणाऱ्या बैठकीची विषयपत्रिका तोच ठरवी. १९९२ मध्ये जनरल मोटर्सच्या बाहेरच्या, म्हणजे कंपनीत नोकरी न करणाऱ्या, संचालकांनी पुढाकार घेतला. मुख्य कार्यकारी रॉबर्ट स्टेम्पल यांना पद सोडावे लागले आणि मंडळाचे अध्यक्षपद कंपनीबाहेरच्या जॉन स्मेल यांच्याकडे गेले. १९९४ मध्ये या मंडळाने स्वतःसाठी लेखी नियमावली केली. बाहेरच्या संचालकांनी दरवर्षी मुख्य कार्यकारीचे औपचारिक मूल्यमापन करावे, अध्यक्षांनी ते त्याला कळवावे आणि पगार ठरवणाऱ्या समितीने त्याचा आधार घ्यावा, असे त्यात होते. निकष होते व्यवसायाची कामगिरी, दीर्घकालीन उद्दिष्टांची पूर्ती आणि व्यवस्थापनाची पुढची फळी तयार करणे. म्हणजे पैसा, धोरण आणि माणसे. नीतीचा वेगळा उल्लेख तिथे नव्हता. मोठ्या गुंतवणूकदार निधींनी ही पद्धत इतर कंपन्यांपुढे आदर्श म्हणून ठेवली आणि ती पसरली.

एनरॉन ही ऊर्जा कंपनी हिशेबातल्या फसवणुकीमुळे कोसळल्यावर २००२ मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा झाला. गैरवर्तनामुळे ताळेबंद पुन्हा मांडावा लागला, तर चुकीचे आकडे जाहीर झाल्यापासूनच्या बारा महिन्यांतला बोनस मुख्य कार्यकारीने परत करावा, असे त्यात आले. दिलेल्या शाबासकीचे पैसे नंतर मागे घेता येतात, हे तत्त्व इथे कायद्यात बसले. पण त्यासाठी आकडे खोटे ठरावे लागत. आकडे बरोबर असतील आणि ते मिळवण्याची रीत वाईट असेल, तर काय?

त्याचे उत्तर वेल्स फार्गो बँकेने महागात दिले. एका ग्राहकाला बँकेची जास्तीत जास्त उत्पादने विकायची, हे तिचे धोरण. लक्ष्य होते प्रत्येक कुटुंबामागे आठ. मुख्य कार्यकारी जॉन स्टंफ हा आकडा गुंतवणूकदारांना अभिमानाने सांगत, आणि धोरण व पैसा या दोन्ही निकषांवर त्यांचे काम उत्तम दिसत होते. शाखांमधले कर्मचारी मात्र लक्ष्य गाठण्यासाठी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा सुमारे ५,३०० जणांना याच कारणाने काढून टाकल्याचे बाहेर आले. स्वतंत्र संचालकांनी एप्रिल २०१७ मध्ये चौकशी अहवाल दिला. त्यातली एक बाब मला सगळ्यांत बोलकी वाटते: मे २०१५ मध्ये मंडळाच्या जोखीम समितीसमोर काढलेल्या कर्मचाऱ्यांचा आकडा २३० असा मांडला गेला होता.

मूल्यमापन कुठे फसते, हे इथे स्पष्ट दिसते. मंडळाकडे येणारी बहुतेक माहिती ज्याचे मूल्यमापन करायचे त्याच्याच यंत्रणेतून येते. शिवाय माणसांच्या निकषाखाली येणारा एक आकडा, किती जणांना कोणत्या कारणाने काढले, हा नीतीच्या निकषाचा सर्वांत मोठा पुरावा होता. दोन्ही रकाने वेगवेगळे भरले की तो पुरावा मधल्या फटीत पडतो. स्टंफ यांच्याकडून एकूण सुमारे ६.९ कोटी डॉलरचा मोबदला परत घेतला गेला किंवा रद्द झाला. त्यात आधीच्या वर्षांच्या शाबासकीचा पैसा होता.

भारतात कंपनी कायदा, २०१३ ने मूल्यमापन सक्तीचे केले. कलम १७८ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांत नामांकन व मोबदला समिती असावी लागते, तिच्यात निम्मे तरी स्वतंत्र संचालक लागतात आणि पगाराचा कामगिरीशी संबंध स्पष्ट दिसावा लागतो. सेबीने जानेवारी २०१७ मध्ये मार्गदर्शक टिपण काढले. वैयक्तिक संचालकाच्या निकषांत सचोटीचाही समावेश होता, पण ती मोजायची कशी हे मंडळांवरच राहिले.

मग मुंबईत आयसीआयसीआय बँकेचे प्रकरण झाले. व्हिडिओकॉन समूहाला दिलेल्या कर्जांवरून हितसंबंधांचे आरोप झाले. २८ मार्च २०१८ रोजी मंडळाने मुख्य कार्यकारी चंदा कोचर यांच्यावर पूर्ण विश्वास जाहीर केला. दोन महिन्यांनी त्याच मंडळाने स्वतंत्र चौकशी लावली, ती न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे गेली, आणि ऑक्टोबरमध्ये कोचर यांची मुदतपूर्व निवृत्तीची विनंती मान्य झाली. ३० जानेवारी २०१९ रोजी अहवाल स्वीकारताना मंडळाने म्हटले, की बँकेच्या आचारसंहितेचा आणि हितसंबंधविषयक नियमांचा भंग झाला आहे, ही निवृत्ती ‘सकारण बडतर्फी’ मानली जाईल आणि एप्रिल २००९ ते मार्च २०१८ मधले सर्व बोनस परत घेतले जातील. कोचर यांनी आरोप नाकारले आणि त्या न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये त्यांची याचिका ग्राह्य नसल्याचे सांगून फेटाळली, कारण वाद खाजगी बँकेशी झालेल्या नोकरीच्या कराराचा होता.

नऊ वर्षांचे बोनस म्हणजे नऊ वार्षिक मूल्यमापने. हितसंबंध लपला असेल तर तो त्या वर्षीच्या कागदांत दिसत नाही. नफा ३१ मार्चला मोजता येतो, सचोटी नाही.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये खाजगी व परदेशी बँकांसाठी मोबदल्याचे नवे नियम काढले, ते हा धागा पकडूनच वाचावेत. समजा, एका बँकेच्या मुख्य कार्यकारीचा निश्चित पगार ३ कोटी आहे आणि मंडळाने कामगिरीवर ६ कोटी ठरवले. यातला किमान निम्मा भाग रोख सोडून समभागांशी जोडलेल्या स्वरूपात द्यावा लागतो. शिवाय किमान ६० टक्के, म्हणजे ३.६० कोटी, निदान तीन वर्षांवर ढकलावे लागतात. समान वाटले तर दरवर्षी १.२० कोटी हातात येतील, आणि पहिला हप्ता वर्ष उलटण्याआधी नाही. दरम्यान काही बाहेर आले, तर उरलेले हप्ते रोखता येतात आणि दिलेले परत मागता येतात. बँकेने दाखवलेल्या थकीत कर्जांत आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ठरावीक मर्यादेपलीकडे तफावत निघाली, तर बाकी हप्ते रोखावेच लागतात. त्या वर्षाचे मूल्यमापन अशा रीतीने पुढची तीन वर्षे उघडे राहते.

हे झाले बँकांचे. कारखाना किंवा सॉफ्टवेअर कंपनीला कंपनी कायद्याचे कलम १९९ लागू होते. फसवणुकीमुळे किंवा नियम न पाळल्यामुळे ताळेबंद पुन्हा मांडावा लागला, तरच जादा दिलेला मोबदला वसूल करण्याची सक्ती त्यात आहे. आचारसंहिता मोडली पण ताळेबंद बदलला नाही, तर बोनस परत मिळेल की नाही हे मुख्य कार्यकारीच्या नेमणूक करारात मंडळाने आधी काय लिहून घेतले होते, त्यावरच अवलंबून राहते.