दावा, आरोप, कबुली : बातमीतल्या क्रियापदांमागचा इतिहास

गावच्या पाणीपुरवठ्याची एक साधी बातमी घ्या. 'टाकीतले पाणी दूषित आहे, असे सरपंच म्हणाले.' 'पाणी दूषित असल्याचे सरपंचांनी सांगितले.' 'पाणी दूषित असल्याचे सरपंचांनी निदर्शनास आणून दिले.' 'पाणी दूषित असल्याचा दावा सरपंचांनी केला.' 'ठेकेदारामुळे पाणी दूषित झाल्याचा आरोप सरपंचांनी केला.' सरपंचांचे बोलणे जवळपास तेच आहे. बदलत जाते ती बातमीदाराची जागा.

'म्हणाले' लिहिणारा बातमीदार बाजूला उभा असतो. शब्द त्यांचे, खरेखोटे तुम्ही बघा. 'सांगितले' लिहिले की तो नकळत अर्धे पाऊल पुढे येतो, कारण सांगायची ती माहिती असते, आणि माहिती खरी धरूनच आपण ऐकतो. 'निदर्शनास आणून दिले' म्हटले की त्याने पाणी दूषित आहे हे मान्यच करून टाकले. 'दावा' लिहून तो हात झटकतो. 'आरोप'मध्ये शंका तर आहेच, शिवाय कुणीतरी दोषी असल्याची कुजबुजही आहे.

यातला फरक पारखण्याची एक सोपी रीत भाषाशास्त्रात वापरतात. वाक्य नकारार्थी करून बघायचे. 'पाणी दूषित असल्याचे सरपंचांनी निदर्शनास आणून दिले नाही' असे लिहिले तरी पाणी दूषितच राहते, चूक सरपंचांची ठरते. 'पाणी दूषित असल्याचा दावा सरपंचांनी केला नाही' म्हटले तर पाण्याबद्दल काहीच कळत नाही. 'स्पष्ट केले', 'कबूल केले', 'गौप्यस्फोट केला' ही पहिल्या जातीची क्रियापदे. पत्रकार परिषदेच्या बातमीत 'स्पष्ट केले' इतके सैल हाताने वापरले जाते की मंत्र्याने गोंधळ वाढवला असला तरी छापून येताना सगळे स्पष्ट झालेले असते.

ऐकीव गोष्टीपासून अंतर राखायला मराठीला वर्तमानपत्रांची वाट पाहावी लागली नव्हती. वाक्याच्या शेवटी 'म्हणे' लावले की काम झाले. 'तो मुंबईला गेला म्हणे.' पण 'म्हणे' ओट्यावरचा आहे. तो कोण म्हणाले ते सांगत नाही आणि छापील बातमीत चावट वाटतो. छापील शंकेसाठी जे शब्द रुळले ते कचेरीतून आलेले दिसतात. दिवाणी न्यायालयात दावा दाखल होतो, फौजदारी खटल्यात न्यायाधीश आरोप निश्चित करतो. तिथे या शब्दांना पायऱ्या आहेत, पुढे पुरावा आहे, शेवटी निकाल आहे. बातमीत शब्द आले, पायऱ्या मागेच राहिल्या.

दुसऱ्याचे म्हणणे छापण्याची किंमत काय असू शकते, हे मराठी पत्रसृष्टीला फार लवकर कळले. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाली. 'केसरी'चे संपादक आगरकर, इंग्रजी 'मराठा'चे टिळक. कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी यांना वाईट वागवले जात असल्याचा बोभाटा तेव्हा होता आणि त्याचे खापर दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर फोडले जात होते. बर्व्यांच्या नावावर खपवलेली काही पत्रे पुढे आली आणि 'केसरी' आणि 'मराठा' या दोघांनीही त्या पत्रांच्या आधारे दिवाणांवर झोड उठवली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, पण खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. लोकांनी त्यांचे स्वागत वीरांसारखे केले, आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले, आणि आपल्या आठवणीत त्यातला त्यागच राहिला. पत्रकारितेच्या अंगाने पाहिले तर तो कागद न तपासता त्याची हमी घेतल्याचा खटला होता.

मग त्यांनी 'बर्व्यांची म्हणून सांगितली जाणारी पत्रे' असे सावध लिहिले असते, तर सुटले असते का? कायद्याच्या नजरेने बहुधा नाही, आणि इथेच 'आरोप केला' या शब्दांबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ बदनामीकारक मजकूर 'करणाऱ्या'ला आणि 'प्रसिद्ध करणाऱ्या'ला एकाच दावणीला बांधत होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही तेच आहे. दुसऱ्याने केलेली बदनामी पुन्हा छापणे ही स्वतंत्र बदनामी धरली जाते. अनेक बातमीदारांना वाटते की वाक्याला 'असा आरोप आहे' जोडले की कवच मिळाले. मिळत नाही. शब्द सभ्यपणाची खूण ठरतो, फार तर सद्हेतू दाखवायला थोडा उपयोगी पडतो.

कवच मिळते ते क्रियापदाला नव्हे, बोलण्याच्या जागेला. न्यायालयाच्या कामकाजाचा खरा वृत्तान्त छापणे हा याच कलमातला अपवाद आहे. संसदेतल्या बोलण्याचे वृत्त देणाऱ्यांना मात्र स्वतंत्र भारतात काही वर्षे तसे संरक्षण नव्हते. खासदार सभागृहात काहीही बोलू शकत होता, पण ते छापणाऱ्यावर खटला होऊ शकत होता. ही फट बुजवणारे विधेयक फिरोझ गांधींनी आणले आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. कामकाजाचा मुळाशी खरा आणि द्वेषबुद्धी नसलेला वृत्तान्त असेल तर वृत्तपत्र सुरक्षित. आणीबाणीत हा कायदा रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१ अ घालून विधिमंडळाच्या वृत्तान्तालाही ते संरक्षण दिले. आपल्याकडे नेते एकमेकांना 'हेच सभागृहाबाहेर बोलून दाखवा' असे आव्हान देतात, त्यामागे ही सगळी रचना आहे. आमदाराचे तेच वाक्य विधानसभेत उच्चारले गेले तर बातमी सुरक्षित आहे आणि दाराबाहेरच्या माईकसमोर उच्चारले गेले तर नाही. बातमीत मात्र दोन्हीकडे 'आरोप केला' असेच छापून येते. म्हणून जुने उपसंपादक 'कुठे बोलले?' हे आधी विचारत, आणि ते योग्यच होते.

गुन्ह्यांच्या बातमीत हे शब्द सर्वांत जास्त लागतात आणि सर्वांत जास्त चुकतातही. कल्पनेतली एक चोरी धरू. पहिल्या दिवशी हातात फक्त फिर्याद असते. तेव्हा 'फिर्यादीत म्हटले आहे की' एवढेच खरे, कारण फिर्याद म्हणजे एका बाजूचे म्हणणे. त्या दिवशी 'नोकराने दागिने लांबवले' असे लिहिणे म्हणजे निकाल लावणे झाले. अटक झाली की तो आरोपी. मग काही ठिकाणी 'कथित आरोपी' दिसतो, तो निव्वळ घोटाळा आहे. आरोपी याचाच अर्थ ज्याच्यावर आरोप आहे तो. त्याच्यावर आरोप असल्याबद्दल शंका नसते, गुन्ह्याबद्दल असते, म्हणून 'कथित' लावायचाच तर चोरीला लावावा. पुढे दोषारोपपत्र येते. त्यासाठी 'नमूद केले' हे बरोबर, कारण ते कागदावर आहे आणि कुणी अजून तपासलेले नाही. सुनावणीत सरकारी वकील 'युक्तिवाद' करतात. शिक्षा झाली की शंकेचे शब्द काढून टाकायचे. कित्येक बातम्यांत ते तेव्हाही सवयीने राहतात, मग निकाल लागूनही चोरी कथितच राहते.

या साखळीतला सर्वांत घातक शब्द 'कबुली'. 'आरोपीने पोलिसांकडे गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य मराठी वाचकाने शेकडो वेळा वाचले असेल. पण १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ म्हणत होते की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ म्हणून तेच कायम आहे. कोठडीत कबुल्या कशा मिळतात याची इंग्रज सरकारलाही कल्पना होती. कबुली ग्राह्य धरायची तर ती दंडाधिकाऱ्यापुढे, स्वेच्छेने दिलेली असावी लागते. म्हणजे जी गोष्ट न्यायालय ऐकूनही घेणार नाही ती बातमीत सर्वांत पक्की म्हणून येते, कारण 'कबूल करणे' हे क्रियापदच मागचे वाक्य खरे धरून चालते. तिथे लिहायला हवे ते 'कबुली दिल्याचा पोलिसांचा दावा'.

पण पोलिसांच्या नावापुढे 'दावा' लिहायला हात धजत नाही. पोलिसांनी 'माहिती दिली', मृताच्या नातेवाइकांनी 'आरोप केला'. महापालिकेने 'स्पष्ट केले', झोपडपट्टीतल्या रहिवाशांनी 'दावा केला'. दोघांचेही म्हणणे बातमीदाराने तपासलेले नसते, तरी शंका एकाच्याच वाट्याला येते. याला पक्षपात म्हणावे की रोज संध्याकाळी त्याच पोलीस ठाण्यात फोन करावा लागतो याचा परिणाम म्हणावे? मला दुसरे कारण जास्त खरे वाटते. मुंबईत ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया 'चकमकीत ठार' झाला, असे पोलिसांचे म्हणणे होते. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने ती चकमक बनावट ठरवून पोलिसांना शिक्षा केल्या. 'चकमकीत ठार' या दोन शब्दांत कुणाचे म्हणणे आहे ते नसतेच. शंकेला जागा द्यायला आधी बोलणारा वाक्यात असावा लागतो.

राजकीय बातमीत गोष्ट वेगळी. तिथे 'टोला लगावला', 'सुनावले', 'ठणकावले', 'खिल्ली उडवली' येतात, ती शंकेसाठी नव्हे तर चवीसाठी. हे निरुपद्रवी वाटते, पण तसे नाही. अमेरिकी अभ्यासक जॉन मेरिल यांनी १९६५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने ट्रुमन, आयझेनहॉवर आणि केनेडी या तीन अध्यक्षांचे बोलणे कसे रंगवले ते तपासले. कुणाच्या बोलण्याला कुठले क्रियापद, हा त्यांच्या कसोट्यांपैकी एक होता. ट्रुमनविरुद्ध आणि आयझेनहॉवर यांच्या बाजूने कल ठळक निघाला. आपल्याकडेही एका नेत्याने 'ठणकावले' आणि दुसऱ्याने 'आकांडतांडव केले', तर आवाज तेवढाच चढला असला तरी वाचकाला बाजू कळून चुकते.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती वाक्यरचनेची. आपले क्रियापद शेवटी येते. 'आयुक्तांनी ठेकेदाराशी संगनमत करून निविदेच्या अटी बदलल्या आणि त्यातून महापालिकेचे मोठे नुकसान केले, असा आरोप विरोधी पक्षनेत्यांनी केला.' इथे वाचक आख्खी कथा खरी धरून वाचतो आणि शंका त्याला पूर्णविरामाच्या तोंडाशी भेटते. म्हणून लांब वाक्यात 'विरोधी पक्षनेत्यांच्या म्हणण्यानुसार' हे आधीच आणावे, किंवा 'विरोधी पक्षनेत्यांचा आरोप असा की' अशी सुरुवात करावी. मथळ्यात तर शेवटचे शब्दच जागेअभावी कापले जातात आणि अवतरणचिन्हांत वाक्य ठेवून पुढे विसर्गासारखे दोन ठिपके व नाव येते. त्यात म्हणाले, दावा, आरोप यांतले काहीच उरत नाही, आणि मोबाइलच्या पडद्यावर मथळा लांब झाला तर नावही दिसत नाही.