गुगली आणि यॉर्कर: फलंदाजाच्या अंदाजावरून पडलेली नावं

क्रिकेटशी काही देणंघेणं नसलेल्यालाही गुगली हा शब्द ठाऊक असतो, कारण मराठी बातम्यांत पुढारी एकमेकांना रोज गुगली टाकत असतात. अडचणीचा प्रश्न विचारला की गुगली, ऐनवेळी भूमिका बदलली की गुगली. त्यामुळे नव्याने सामना बघायला बसलेला माणूस फलंदाज फसला रे फसला की ‘गुगली!’ म्हणून मोकळा होतो. वेगवान गोलंदाजाने मुद्दाम हळू सोडलेला चेंडूही त्याला गुगलीच वाटतो. मैदानावर मात्र या शब्दाचा अर्थ बराच अरुंद आहे.

गुगली टाकतो तो मनगटाने फिरकी देणारा गोलंदाज, बहुतेक वेळा उजव्या हाताचा लेगस्पिनर. त्याचा नेहमीचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या फलंदाजापासून बाहेर, स्लिपच्या दिशेने वळतो. गुगली त्याच धावेतून, जवळपास त्याच हालचालीतून येते, पण वळते आत, पायांकडे. करामत सगळी मनगटाची. चेंडू सुटताना मनगट नेहमीपेक्षा जास्त वळलेलं असतं, हाताची मागची बाजू फलंदाजाकडे येते आणि चेंडू करंगळीच्या बाजूने निसटतो. ज्याची नजर सुटणाऱ्या हातावर असते, त्याला हा फरक दिसू शकतो. ज्याला तिथे दिसत नाही तो चेंडू हवेत कसा फिरतोय ते पाहतो, आणि तेही हुकलं तर टप्प्यानंतर काय होईल ते बघायचं, म्हणजे बहुधा चेंडू बॅट आणि पॅडच्या मधून गेलेला.

फलंदाज डावखुरा असला की नवशिक्याचा गोंधळ उडतो. आता तीच गुगली बाहेर जाते आणि साधा लेगब्रेक आत येतो. म्हणजे ‘आत येणारा तो गुगली’ असं पाठ करून चालत नाही. या मनगटातून जी फिरकी अपेक्षित होती, तिच्या उलट वळलेला चेंडू म्हणजे गुगली.

शब्दांचा खरा गुंता याच्या पुढे आहे. डाव्या हाताने मनगटी फिरकी टाकणाऱ्याचा नेहमीचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत येतो आणि त्याची गुगली बाहेर जाते. या गोलंदाजीला कित्येक वर्षं ‘चायनामन’ म्हणत. पण काही जण तो शब्द फक्त नेहमीच्या चेंडूसाठी वापरायचे, काही गुगलीसाठी, तर काही त्या गोलंदाजासाठीच. शब्दाला वांशिक कुचेष्टेचा वासही होताच. अखेर 2018मध्ये क्रिकेटच्या सर्वांत प्रतिष्ठित वार्षिकांकाने तो वगळला आणि ‘डावखुरी मनगटी फिरकी’ असा सरळ उल्लेख सुरू केला. उशीर झाला, पण बरं झालं. निदान ऐकणाऱ्याला चेंडू कळतो तरी.

दुसरी गाठ ‘दुसरा’ची. 1990च्या दशकात एका पाकिस्तानी ऑफस्पिनरने, म्हणजे बोटांनी फिरकी देणाऱ्या गोलंदाजाने, आपल्या नेहमीच्या चेंडूच्या उलट वळणारा चेंडू नावारूपाला आणला, आणि यष्टिरक्षकाच्या ‘दुसरा टाक’ या हाकेतून हे उर्दू नाव जगभर गेलं, असं सांगतात. काम गुगलीचंच, म्हणून त्याला ऑफस्पिनरची गुगली म्हणायचा मोह होतो. पण दुसरा टाकताना कोपराच्या हालचालीवर संशय घेतला गेला, चाचण्या झाल्या, आणि 2005पासून कोपर 15 अंशांपर्यंत सरळ होण्याची मुभा सगळ्याच गोलंदाजांना लागू झाली. तो वाद आजही पेटतो. गुगली त्यात कधीच नव्हती. तिचा खोटेपणा फक्त मनगटात आहे. म्हणून दोन नावं वेगळी ठेवलेलीच बरी.

गुगलीचा जन्म थोडक्यात. एका इंग्लिश खेळाडूने टेबलावर चेंडू उसळवण्याच्या खेळातून ही युक्ती शोधली. 1900मध्ये लॉर्ड्सवर तिने बळी मिळवला तो 98 धावांवर खेळणाऱ्या फलंदाजाचा, यष्टिचीत, आणि चेंडूने म्हणे चार टप्पे घेतले होते! पण 1904मध्ये सिडनीत त्याच गोलंदाजाने एका डावात सहा बळी घेतले, तेव्हा हसणं थांबलं. 1948मध्ये ओव्हलवर इतिहासातला सर्वांत मोठा फलंदाज शेवटच्या कसोटीत दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळाचीत झाला, तीही गुगलीच. चार धावा झाल्या असत्या तर सरासरी 100 झाली असती, ती 99.94वर थांबली.

यॉर्करमध्ये फिरकीचा संबंध नाही, प्रश्न टप्प्याचा आहे. चेंडू फलंदाजाच्या बुटापाशी, बॅटच्या तळाखाली पडतो. नाव यॉर्कशायरवरून आलं की फसवणं या अर्थाच्या जुन्या बोलीतल्या शब्दावरून, यावर एकमत नाही. त्याआधीचं नाव ‘टाइस’, म्हणजे भुलवणारा. यात इशारा आहे: फलंदाजाला तो आधी टप्पा न पडता येणारा, मारण्याजोगा फुलटॉस वाटतो.

ताशी 140 किलोमीटरच्या चेंडूला फलंदाजापर्यंत पोहोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. टप्पा फूटभर आखूड झाला तर टप्पा पडताच बॅटवर येणारी सोपी हाफव्हॉली, फूटभर पुढे गेला तर फुलटॉस, आणि दोन्ही सीमापार. त्यातही टप्प्याची ही जागा खेळपट्टीवर आखलेली नसते, ती फलंदाजाबरोबर सरकते. तो यष्टींना टेकल्यासारखा क्रीजमध्ये खोल उभा राहिला तर कालचा यॉर्कर आज हाफव्हॉली होतो. पुढे सरसावला तर तोच फुलटॉस. टी-20च्या शेवटच्या षटकांत फलंदाज हेच करतात, आणि गोलंदाज उत्तरादाखल ऑफस्टंपच्या बाहेर, वाइडच्या रेषेलगत यॉर्कर टाकतात. त्यात दव पडून चेंडू ओला झाला की तो बोटांतून आधीच निसटतो. हुकलेल्या यॉर्करला आपण सोफ्यावरून शिव्या घालतो, तेव्हा हे आठवावं.

यॉर्कर नेहमी वेगवानच असावा असंही नाही. डिसेंबर 2018, मेलबर्न कसोटी, उपाहारापूर्वीचा शेवटचा चेंडू. ताशी 140च्या आसपास टाकणारा भारतीय गोलंदाज, समोर डावखुरा ऑस्ट्रेलियन. वेळ बघता फलंदाज नेहमीच्या जलद चेंडूची तयारी ठेवून होता. हात तितक्याच जोरात फिरला, चेंडू मात्र खूपच हळू निघाला आणि हवेत झपकन खाली उतरला. बॅट आधीच फिरून गेली, चेंडू पॅडवर, पायचीत. नवख्याला हा वेगाचा खेळ वाटेल. पण हळू चेंडूचा टप्पा पायाशी नसता, तर बॅट लवकर फिरूनही सावरायला वेळ मिळाला असता.

पुढच्या वेळी समालोचक ‘यॉर्कर’ म्हणाला की रिप्लेमध्ये चेंडूआधी फलंदाजाचे पाय बघा. ते कुठे होते यावर पुष्कळदा नाव ठरतं, आणि दोन समालोचकांचं एकाच चेंडूवर एकाचं यॉर्कर, दुसऱ्याचं लो फुलटॉस असं होतं ते त्यामुळेच.