चेहरा राखाडी दिसतोय: व्हाइट बॅलन्स चुकलाय की एक्सपोजर?

दिवाळीच्या आधी ठाण्यात पाचपाखाडीला एका सासू-सुनेच्या फराळाचा व्हिडिओ शूट करायला गेले होते. सासूबाई चांगल्या गोऱ्या, सून छान सावळी, दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी आणि पुढ्यात चकल्यांचं ताट. पहिला टेक बघितला तर काकूंचा चेहरा ठीक होता पण सुनेचा चेहरा चक्क राखाडी, म्हणजे सावळा नाही, राख फासल्यासारखा. मदतीला माझा भाचा होता, तो लगेच म्हणाला, "मावशी, जरा वॉर्म कर ना, व्हाइट बॅलन्स गंडलाय." मी पण घाईत होते, व्हाइट बॅलन्सचा आकडा ५६०० केल्विनवरून उचलून ७५०० वर नेला. झालं काय, तर काकू हळद लागलेल्या नवरीसारख्या पिवळ्या आणि सून विटकरी, फक्त चकल्या तेवढ्या खमंग दिसायला लागल्या. सून हसून म्हणाली, "राहू द्या हो ताई, मी कॅमेऱ्यात अशीच येते."

तर ती काही "अशी येत" नव्हती, आम्ही चुकीचं बटण फिरवत होतो. हा घोळ इतक्या जणांचा होतो की जरा सविस्तर लिहिते.

व्हाइट बॅलन्स म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याला सांगता की खोलीतला उजेड कुठल्या रंगाचा आहे. एक्सपोजर म्हणजे त्या उजेडातला किती उजेड सेन्सरपर्यंत पोचू द्यायचा. पहिली गोष्ट उजेडाची आहे, माणसाची नाही, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम होतं. दोघी एकाच लाइटखाली बसल्यात ना, मग दोघींचा व्हाइट बॅलन्स एकच. "सावळ्या माणसाला वेगळा व्हाइट बॅलन्स लागतो" असलं काही नसतं. वेगळं असतं ते त्वचेवरून परत येणाऱ्या उजेडाचं प्रमाण.

याला आधार पण आहे. एडिटिंगमध्ये व्हेक्टरस्कोप नावाचा गोल आलेख असतो, त्यावर स्किन टोनची एक तिरकी रेघ आखलेली असते, आणि उजेड नीट असेल तर गोरा, गव्हाळ, सावळा, काळा असे सगळे चेहरे त्याच एका रेघेच्या आसपास पडतात, कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं लालच. कोणाचा ठिपका रेघेवर जरा आत, कोणाचा जरा बाहेर, पण दिशा जवळपास तीच. फरक पडतो तो ब्राइटनेसमध्ये. रंग तपासायला २४ चौकोनांचं जे कलर चेकर कार्ड वापरतात त्यातले पहिले दोन चौकोन डार्क स्किन आणि लाइट स्किन असेच आहेत. डार्क स्किनचा चौकोन अंगावरचा साधारण १० टक्के उजेड परत पाठवतो आणि लाइट स्किनचा ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पावणेदोन स्टॉपचा फरक. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, त्यावरून अंदाज करा. आमच्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याने काकूंचा चेहरा आणि मागची ऑफ-व्हाइट भिंत बघून एक्सपोजर ठरवलं आणि सून आपली खाली अंधारात गेली.

मग कमी एक्सपोजर मिळालेला चेहरा नुसता काळा न दिसता राखाडी का दिसतो? कारण कमी उजेडात सेन्सरकडून रंगाची माहितीच कमी येते आणि त्यात नॉइज, म्हणजे रंगीत दाणे, मिसळतो, तो नॉइज घालवायला फोन सगळं पुसून गुळगुळीत करतो, त्या पुसण्यात गालावरची लाली आणि कपाळावरची चमक दोन्ही जातात. मग उरतो तो सपाट, रंग उडालेला चेहरा, आणि तो बघून आपल्याला वाटतं की "थंड दिसतोय, वॉर्म करूया." इथेच एक्सपोजरची चूक व्हाइट बॅलन्सचा वेष घेऊन येते.

आता उलटा प्रकार पण असतो बरं का, जिथे खरंच व्हाइट बॅलन्स गुन्हेगार असतो. ऑटो व्हाइट बॅलन्सचा जुना साधा हिशोब असा की फ्रेममधले सगळे रंग मिसळले तर राखाडी यायला पाहिजे. आता तुम्ही सावळ्या चेहऱ्याचा जवळून क्लोजअप घेतलात, मागे सागवानी कपाट, अंगात मरून साडी, तर फ्रेमभर तपकिरी-लालच भरलंय. कॅमेऱ्याला वाटतं की लाइटच पिवळट आहे आणि तो सगळं निळ्याकडे ढकलतो. साखरपुड्यात झेंडूच्या माळांसमोर उभं केलं की हेच होतं. आताचे फोन यापेक्षा हुशार झालेत, चेहरा ओळखतात वगैरे, पण तरी फसतात, आणि फसतात म्हणजे टेकच्या मधेच रंग बदलतात, ते तर आणखी वाईट. त्यामुळे ऑटो बंद, हा माझ्याकडे नियमच आहे.

दोन्हीतला फरक ओळखायला मी एक सोपी गोष्ट करते. ज्याचा चेहरा खटकतोय त्याच्या गालाजवळ ग्रे कार्ड धरायचं (त्याऐवजी भडक पांढरा कागद किंवा रुमाल नको, त्यात बऱ्याचदा चकाकी आणणारं रसायन असतं आणि ते खिडकीच्या उजेडात निळसर मारतं) आणि स्क्रीनवर चेहरा सोडून फक्त कार्ड बघायचं. कार्ड पिवळं, निळं, हिरवट दिसलं तर व्हाइट बॅलन्स. कार्ड स्वच्छ राखाडी दिसतंय आणि तरी चेहरा मेलेला, तर एक्सपोजर. खात्री करायला एक्सपोजर एक स्टॉप वर न्यायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. गालावर रंग परत आला की समजायचं.

आमच्याकडे कार्ड धरलं तेव्हा मजा झाली. काकूंच्या गालाजवळ ५६०० ला कार्ड एकदम नीट, सुनेच्या गालाजवळ किंचित हिरवट. बघते तर तिच्या बाजूची भिंत पोपटी! खिडकीचा उजेड त्या भिंतीवर आपटून तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर येत होता. म्हणजे दुखणं दुहेरी होतं, मोठं एक्सपोजरचं आणि छोटं रंगाचं. आणि त्या हिरव्यावर केल्विन वाढवून काही होत नाही, केल्विन निळ्या-पिवळ्यात फिरतं, हिरवा-गुलाबी हा वेगळा स्लायडर असतो, त्याला टिंट म्हणतात. पण टिंट फिरवला असता तर काकू गुलाबी झाल्या असत्या. एकाच फ्रेममध्ये दोन रंगांचा उजेड असेल तर व्हाइट बॅलन्सने सुटत नाही, उजेडच सुधारावा लागतो. भिंतीवर घरातलीच पांढरी चादर लावली, हिरवं गेलं.

मग लाइट. पडदे ओढले, फॉल्स सीलिंगमधल्या पिवळ्या पट्ट्या बंद, वरची पांढरी ट्यूब पण बंद. पट्टी ३००० केल्विनची असते, ट्यूब ६५०० ची, दोन्ही चालू ठेवून कुठलाही आकडा टाकलात तरी अर्धा चेहरा चुकणारच. एक ५६०० चा एलईडी, पुढे मोठा सॉफ्टबॉक्स, बस. कॅमेऱ्यातही ५६००. इथे नवीन लोक उलटं समजतात म्हणून सांगते, बल्बचे केल्विन वाढले की उजेड निळा होतो, पण कॅमेऱ्यात केल्विन वाढवले की चित्र पिवळं होतं, कारण कॅमेरा तो निळा उजेड भरून काढायला पिवळं घालतो.

खरी गंमत लाइट ठेवायच्या जागेत आहे. मी तो मधोमध नाही ठेवला, सुनेच्या बाजूला तिरका ठेवला, तिच्यापासून ५ फूट. तिथून काकू साधारण ७ फुटांवर आल्या. उजेड अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने कमी होतो, पाचाचा वर्ग २५ आणि साताचा ४९, म्हणजे काकूंवर सुनेच्या जवळपास निम्मा उजेड पडला, एक स्टॉप कमी. पावणेदोन स्टॉपमधला एक स्टॉप नुसत्या जागेने भरून निघाला, दुसरा लाइट नाही, एडिटिंग नाही. उरलेला पाऊण स्टॉप मी मुद्दाम ठेवला, कारण तो काढला तर दोघी एकाच रंगाच्या दिसतील आणि सुनेला "गोरी करून" दाखवल्यासारखं होईल, ते मला अजिबात आवडत नाही आणि तिलाही आवडलं नसतं. वेव्हफॉर्मवर, म्हणजे ० ते १०० मध्ये ब्राइटनेस दाखवणाऱ्या आलेखावर, काकूंचा उजेडाकडचा गाल ६५ च्या आसपास आणि सुनेचा ५० च्या आसपास आला की मी थांबते. हे माझे आकडे, दगडावरची रेघ नाही.

आणि हो, सावळ्या चेहऱ्यावर नाकाडोळ्यांचा आकार दिसतो तो बराचसा चमकेमुळे, गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर जो मऊ उजळ पट्टा येतो त्याने. म्हणून लाइट मोठा आणि बाजूने पाहिजे. समोरून छोटा कडक लाइट मारलात तर कपाळावर एक पांढरा ठिपका जळतो आणि बाकी चेहरा तसाच अंधारात. मेकअपवाल्या ताई पावडर घेऊन तयारच असतात, त्यांना म्हणायचं, टिश्यूने हलकं टिपा, चमक पूर्ण मारू नका.

एवढं करूनही कधी कधी कार्ड राखाडी येतं, एक्सपोजर बरोबर असतं आणि चेहरा तरी आजारी दिसतो. तेव्हा लाइट स्वस्तातला आहे का बघा. अशा एलईडीत बऱ्याचदा गडद लाल भागच कमी असतो, आणि जो रंग उजेडातच नाही तो व्हाइट बॅलन्स कुठून आणणार? खोक्यावर सीआरआय ८० लिहिलेलं असतं, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, पण तो आठ फिकट रंगांची सरासरी आहे, गडद लाल त्यात धरलेलाच नाही, तो आर-नाइन म्हणून वेगळा बघावा लागतो. आणि कातडीला नेमका तोच लागतो. घरच्या ट्यूबखाली शूट केलेले चेहरे म्हणून तर एडिटिंगमध्ये रंग कितीही सुधारले तरी जिवंत होत नाहीत.

दुसरा टेक बघताना सून स्क्रीनजवळ येऊन बघत राहिली, मग काकूंना म्हणाली, "आई, माझ्या नथीची सावली पण दिसतेय बघा." तोवर चकल्या निम्म्या भाच्याने संपवल्या होत्या, ताटाचा क्लोजअप परत घ्यावा लागला.