दहा अंशांना दुप्पट: औषधाच्या मुदतीचं गणित कुठून आलं

एप्रिल-मे आला की मुंबईतल्या केमिस्टच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. स्ट्रिपवर '३० अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवा' असं छापलेलं असतं आणि घर असतं पत्र्याखाली, नाहीतर गच्चीला लागून वरच्या मजल्यावर. औषध दोन महिने तापलं. पण एक्सपायरीला तर अजून दीड वर्ष आहे. मग घ्यायचं की टाकायचं? बी. फार्म.ची पुस्तकं थोडीफार आठवणारा माणूस लगेच सांगतो, "दहा अंश वाढले की मुदत निम्मी." नियम खरा आहे, जुना आहे आणि कामाचाही आहे. पण तो ज्या कामासाठी औषधांच्या दुनियेत आला, त्याच्या बरोबर उलट्या कामाला आपण तो घरी लावतो. त्यामुळे त्याचा इतिहास जरा तपशिलात पाहायला हवा.

सुरुवात औषधापासून नाही, उसाच्या साखरेपासून होते. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लात घातलेली साखर किती वेगाने फुटते हे प्रकाशाच्या वळणावरून मोजलं. रासायनिक क्रियेला 'वेग' असतो आणि तो आकड्यात मांडता येतो, ही कल्पना तिथून रुजली. पुढे १८८४ मध्ये याकोबस व्हान्ट हॉफ यांचा रासायनिक गतिशास्त्रावरचा ग्रंथ आला. तापमान दहा अंशांनी वाढलं की बहुतेक क्रियांचा वेग दुपटीपासून तिपटीपर्यंत वाढतो, ही ढोबळ नोंद आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. 'दोन ते तीन' असा तो पल्ला होता. वापरता वापरता लोकांनी त्यातला तीन गाळला आणि दोन तेवढा ठेवला.

पण हे असं होतं तरी का? २५ वरून ३५ अंशांवर गेलं की रेणूंचा सरासरी वेग जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याने क्रिया दुप्पट कशी होईल? १८८९ मध्ये स्वान्ते अर्हेनियस यांनी याचं उत्तर दिलं, तेही साखरेच्याच आकड्यांवरून. त्यांचं म्हणणं असं की सगळे रेणू फुटायला तयार नसतातच. ठरावीक ऊर्जेचा उंबरठा ओलांडलेले थोडेसेच 'सक्रिय' असतात, आणि तापमान जरा वाढलं की या थोड्यांची संख्या झपाट्याने वाढते. या उंबरठ्याला आज सक्रियण ऊर्जा म्हणतात आणि समीकरण असं लिहितात:

k = A·e^(−Ea/RT)

इथे k म्हणजे क्रियेचा वेग, Ea म्हणजे सक्रियण ऊर्जा आणि T म्हणजे केल्विनमधलं तापमान; A आणि R हे स्थिरांक. यात 'दोन' कुठेच नाही. दहा अंशांनी वेग किती पट होणार हे Ea ठरवते. २५ ते ३५ अंशांच्या टप्प्यात बरोबर दुप्पट व्हायला Ea सुमारे ५३ किलोज्यूल प्रति मोल लागते. ती ८३ असली तर वेग जवळजवळ तिप्पट होतो आणि १०६ च्या आसपास असली तर चौपट. गंमत म्हणजे ज्या साखरेवरून हे समीकरण निघालं तिची ऊर्जा १०७-१०८ च्या घरात आहे, म्हणजे अर्हेनियस यांची स्वतःची साखरच दुपटीचा नियम पाळत नाही.

औषधांकडे हे गणित आलं ते व्यापाराच्या घाईतून. दोन वर्षं टिकेल असं लिहायचं, तर दोन वर्षं कपाटात ठेवून बघणं हा प्रामाणिक मार्ग. पण तोवर माल विकायचा कसा? १९५५ मध्ये एडवर्ड गॅरेट आणि कार्पर यांनी सल्फा औषधांच्या एका मिश्र द्रवावर काम प्रसिद्ध केलं. त्याचा रंग कसा बदलतो हे त्यांनी वेगवेगळ्या चढ्या तापमानांना मोजलं, वेगाचा लॉगरिदम 1/T च्या समोर मांडला, सरळ रेषा काढली आणि ती खाली, खोलीच्या तापमानापर्यंत वाढवली. स्टॅबिलिटीचं काम करणारे आजही मुळात हेच करतात. मोजमाप मात्र बहुतेक वेळा रंगाचं नसतं, औषधाचा किती टक्के अंश शिल्लक आहे याचं असतं. तो ९० टक्क्यांवर यायला लागणारा वेळ म्हणजे t90, आणि मुदतीचा हिशेब बहुधा त्याच्यावर उभा असतो.

आता दिशेचा मुद्दा. कारखान्यात प्रवास गरमाकडून थंडाकडे होतो. नमुना ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये सहा महिने ठेवतात. नव्वदच्या दशकात आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी हीच अट पक्की केली. नमुना त्यात टिकला, तर २५ अंशांना किती टिकेल? फरक १५ अंशांचा. दुपटीच्या नियमाने सहा महिन्यांचे १७ महिने होतात, तिपटीने ३१, आणि अडीचपट धरलं तर जवळजवळ २४. सहा महिन्यांच्या चाचणीवर तात्पुरती दोन वर्षांची मुदत देण्याची जी रीत पडली तिच्यामागे हा अंदाज आहे. इथे 'दोन' धरणारा माणूस सावध असतो, कारण त्याला सर्वांत लहान मुदत मिळते.

हाच चेंबर ३० अंशांच्या देशासाठी वापरला की फरक दहाच अंशांचा उरतो. मग ते सहा महिने १२ ते १८ महिन्यांच्याच किमतीचे ठरतात. उष्ण आणि दमट देशांना हवामानाच्या नकाशात वेगळा विभाग द्यावा लागला त्याचं हे एक कारण. त्या विभागात दीर्घकाळची प्रत्यक्ष चाचणी ३० अंशांना करतात. आपल्याकडे १९४५ च्या औषध नियमांत परिशिष्ट पी आहे. त्यात कोणत्या औषधाला किती मुदत आणि कशी साठवण हे लिहिलेलं असतं. मुदत सहसा साठ महिन्यांच्या वर जात नाही. त्याच परिशिष्टातली 'कूल' जागा म्हणजे १० ते २५ अंश, मुंबईत ए.सी.शिवाय ती सापडली तर जानेवारीच्या पहाटे.

घरातला किंवा गोदामातला प्रश्न मात्र थंडाकडून गरमाकडे जातो, आणि इथे 'दोन' हा सर्वांत आशावादी आकडा होतो. प्रिन्सेस स्ट्रीटच्या एखाद्या होलसेलरच्या पोटमाळ्यावरचा खोका घेऊ. औषधाची मुदत ३० अंशांना २४ महिने. पहिले सहा महिने ते नीट ठेवलं होतं, मग एप्रिल-मे दोन महिने पोटमाळ्यावर सलग ३८ अंशांना गेले असं धरू. फरक आठ अंशांचा, म्हणून वेग वाढतो तो 2^0.8, म्हणजे १.७४ पट. त्या दोन महिन्यांत औषधाने साडेतीन महिन्यांचं आयुष्य खर्च केलं. तिपटीचा नियम लावला तर 3^0.8 म्हणजे २.४१ पट, खर्च ४.८ महिने. चौपटीने ३.०३ पट, खर्च सहा महिन्यांच्या थोडा वर.

म्हणजे कॅलेंडरप्रमाणे १६ महिने उरलेत. हिशेबाने साडेचौदा ते बारा. औषध फुकट गेलं नाही, पण छापलेली तारीख आता खरी राहिली नाही. Ea माहीत नसताना अशा वेळी मी तरी चौपटीचा आकडा धरतो. त्याच खोक्याने सगळे २४ महिने पोटमाळ्यावर काढायचे ठरवले, तर दुपटीने मुदत १३.८ महिन्यांवर येते, चौपटीने आठच्या खाली. फरक इतका मोठा आहे की 'निम्मी' म्हणून भागत नाही.

वरच्या हिशेबात मी 'सलग ३८' असं सोयीचं धरलं. प्रत्यक्षात दुपारी ४० आणि पहाटे २८ असं चालतं. साधी सरासरी ३४ येते, पण गरम तास थंड तासांपेक्षा जास्त नुकसान करतात. हा पेच १९७१ मध्ये जे. डी. हेन्स यांनी सोडवला. जगभरच्या हवामानात एकच औषध पाठवायचं, तर बदलत्या तापमानाऐवजी तितकंच नुकसान करणारं एकच काल्पनिक तापमान काढावं, अशी त्यांची कल्पना होती. त्यालाच पुढे मीन कायनेटिक टेंपरेचर म्हणू लागले. Ea साठी सहसा ८३.१४४ हा आकडा घेतात. तो औषधांचा सरासरी अंदाज आहे आणि R ने भागला की नेमके १०,००० केल्विन मिळतात, म्हणून हिशेबालाही सोपा पडतो. दिवसाचे बारा तास २८ आणि बारा तास ४० असं धरलं तर हे तापमान ३५.७ येतं, सरासरीपेक्षा पावणेदोन अंश वर. गोदामातल्या डेटा लॉगरच्या अहवालात तळाशी एमकेटी म्हणून छापलेला आकडा हाच.

गॅरेट यांच्या सरळ रेषेला एक अट आहे: गरम तापमानाला आणि खोलीच्या तापमानाला क्रिया एकच हवी. ६०-७० अंशांना मलम पातळ होतं, सपोझिटरी वितळते, इन्सुलिनसारख्या प्रथिनांची घडीच उलगडते. तिथे वेग वाढत नाही, क्रियाच बदलते. आलेखावर हे ओळखता येतं, कारण वरचे बिंदू रेषा सोडून वाकतात. अशा औषधांना दुपटीचा किंवा चौपटीचा कुठलाच नियम लावू नये. उन्हात राहिलेलं इन्सुलिन गणिताने वाचवता येत नाही.

मुंबईच्या दृष्टीने सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. अर्हेनियस यांच्या समीकरणात आर्द्रतेला जागाच नाही. नुसतं तापमान पाहिलं तर जुलै मेपेक्षा सुरक्षित ठरतो. पण अ‍ॅस्पिरिन पाण्याने फुटतं आणि त्यातून व्हिनेगरचं आम्ल निघतं. पावसाळ्यात उघड्या डबीतल्या गोळ्यांना तोच आंबट वास येतो. २००० नंतर केनेथ वॉटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समीकरणाचं आर्द्रतेचं पद जोडलेलं रूप रूढ केलं:

ln k = ln A − Ea/RT + B·RH

RH म्हणजे टक्क्यांतली आर्द्रता आणि B म्हणजे औषध आर्द्रतेला किती बळी पडतं त्याचं माप. B चा आकडा गोळीनुसार शून्यापासून ०.०९ च्या आसपासपर्यंत जातो. मधला ०.०४ घेतला आणि आर्द्रता ६० वरून ८५ टक्क्यांवर गेली, तर वेग २.७ पट होतो, म्हणजे नऊ-दहा अंश तापमान वाढल्याइतका. हे पद लागू होतं ते गोळीभोवती प्रत्यक्ष असलेल्या हवेला. दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असलेल्या स्ट्रिपमध्ये गोळीला बाहेरच्या जुलैचा जवळजवळ पत्ता लागत नाही. आठवड्याच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून प्लॅस्टिकच्या कप्प्यांत भरल्या की लागतो, आणि तिथून पुढे स्ट्रिपवरची तारीख त्या गोळीची राहत नाही.